त्रिकोणातून वर्तुळाकडे : चौदा दिवसांची उजळणी

दहावीला भूमितीत चांगले गुण मिळवलेल्या मुलीला अकरावीच्या त्रिकोणमितीच्या चाचणीत २५ पैकी ८ गुण पडले, की घरात पहिला निष्कर्ष निघतो : सूत्रं पाठ नव्हती. उत्तरपत्रिका नीट पाहिली तर अनेकदा कारण दुसरंच दिसतं. दहावीत कोन काटकोन त्रिकोणात असतो, लघुकोनच असतो आणि त्याची सगळी गुणोत्तरं धन असतात. अकरावीत तोच कोन ९०° ओलांडतो, ऋणही होतो; पण मुलीच्या डोक्यात अजून जुना त्रिकोणच असतो. म्हणून रोज सव्वा तास, दोन आठवडे उजळणी करायची असेल, तर सुरुवात सूत्रांपासून करू नये.

पहिला दिवस फक्त उत्तरपत्रिकेसाठी ठेवावा. प्रत्येक चुकलेल्या गणितासमोर एक शब्द लिहावा : चिन्ह, सूत्र किंवा सुरुवात. चिन्ह म्हणजे रीत बरोबर, पण अधिक-उणे चुकलं. सूत्र म्हणजे सूत्र आठवलं नाही किंवा चुकीचं आठवलं. सुरुवात म्हणजे पहिली पायरीच सुचली नाही. पुढच्या दिवसांत कुठे जास्त थांबायचं, ते या तीन शब्दांच्या बेरजेवरून ठरतं.

एक गणित पाहू. sin A = 3/5 आणि A दुसऱ्या चरणात आहे; sin 2A काढा. मुलगी ३-४-५ चा त्रिकोण काढते, cos A = 4/5 धरते आणि 2 × 3/5 × 4/5 = 24/25 असं उत्तर लिहिते. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर चूक. दुसऱ्या चरणात cos ऋण असतो, म्हणून cos A = −4/5 आणि sin 2A = −24/25. ही चूक तिला स्वतःलाही पकडता आली असती. A हा ९०° आणि १८०° यांच्या मध्ये आहे, म्हणजे 2A १८०° आणि ३६०° यांच्या मध्ये. तिथे sin धन असूच शकत नाही.

यासाठी दुसरा ते चौथा दिवस वर्तुळाचा. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचं वर्तुळ काढावं. कोन θ असेल तर वर्तुळावरच्या बिंदूचा x म्हणजे cos θ आणि y म्हणजे sin θ. पहिल्या चरणात ३०°, ४५°, ६०° च्या किमती भराव्यात आणि उरलेल्या आरशातल्या प्रतिमेसारख्या वाचाव्यात. १५०° चा बिंदू ३०° च्या बिंदूइतक्याच उंचीवर, पण डावीकडे असतो; म्हणून sin 150° = 1/2, cos 150° = −√3/2. प्रत्येक कोनाशेजारी रेडियनही लिहावा. चौथ्या दिवशी कोऱ्या कागदावर हे वर्तुळ न पाहता भरता आलं, तरच पुढे जावं.

पाचवा ते आठवा दिवस सूत्रांचा. इथे पाठांतराऐवजी साखळी बांधावी. cos(A − B) = cos A cos B + sin A sin B हे एक सूत्र सिद्धतेसह पक्कं करावं. त्यात B ऐवजी −B ठेवलं की cos(A + B) मिळतं. A ऐवजी 90° − A ठेवलं की sin(A + B) मिळतं. मग B = A ठेवलं की दुप्पट कोनाची सूत्रं, आणि बेरीज-वजाबाकी केली की गुणाकाराची. रोज ही साखळी पुस्तक मिटून लिहावी. शंका आली तर ओळखीचे कोन घालून तपासावं : sin(A + B) = sin A + sin B असं वाटलं, तर ३०° आणि ६०° घ्या. डावीकडे १, उजवीकडे सुमारे १.३७, म्हणजे सूत्र खोटं.

नववा ते बारावा दिवस ‘सुरुवात’ चुकलेल्या गणितांसाठी. सिद्ध करा : (1 − cos 2A)/sin 2A = tan A. cos 2A ची तीन रूपं आहेत, कुठलं घ्यावं? अंशात १ आहे, तो निघून जावा असं रूप हवं. 1 − 2 sin² A घेतलं की अंश 2 sin² A होतो, छेद 2 sin A cos A, आणि tan A उरतो. रोज अशी पाच-सहा गणितं पुरेत. मात्र प्रत्येक गणितात पहिली पायरी का निवडली, हे एका ओळीत लिहावं. उत्तर पाहून पायऱ्या उतरवल्या असतील, तर तेच गणित दुसऱ्या दिवशी न पाहता सोडवावं.

तेराव्या दिवशी तीच जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी. चौदाव्या दिवशी पुन्हा ते तीन शब्द मोजावेत, आणि त्याच धर्तीची पण आकडे बदललेली गणितं करावीत, म्हणजे उत्तरं नुसती लक्षात राहिली होती का ते कळेल. ‘चिन्ह’ आणि ‘सूत्र’ हे शेरे तोवर बरेच कमी झालेले असावेत. ‘सुरुवात’ मात्र दोन आठवड्यांत पूर्ण सुटत नाही. त्यासाठी पुढचे धडे चालू असतानाही आठवड्याला तीन-चार सिद्धता चालू ठेवाव्या लागतात.