एकाच राउटरची दोन नावं

फायबरवाला येतो, मुख्य दाराजवळच्या भिंतीला भोक पाडून केबल आत घेतो, तिथेच चपलांच्या कपाटावर राउटर बसवतो आणि बाजूला उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो. शंभरचा प्लॅन, आकडा येतो पंच्याण्णव. सगळे खूश. संध्याकाळी आतल्या बेडरूममधून हाक येते, "नेट गेलंय का?"

नेट बहुतेक वेळा गेलेलं नसतं. फोन ज्या बँडवर राउटरशी जोडला गेलाय, तो त्या खोलीच्या कामाचा नसतो, इतकंच. आजचे बहुतेक राउटर एकाच वेळी दोन बँडवर चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. फोनच्या यादीत ते `Ghar` आणि `Ghar_5G` अशा दोन नावांनी दिसतात. (या `5G`चा मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही.) पाचवाला वेगवान, पण त्याचा पल्ला कमी. २.४वाला सावकाश, पण लांबपर्यंत पोचणारा. एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मग वेगवान तो चांगला असं धरून घरातली प्रत्येक वस्तू पाचवर जोडली जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

कोणता बँड घ्यायचा, हे मीटरमध्ये मोजलेल्या अंतरापेक्षा मधल्या भिंतींवर जास्त ठरतं. हॉलमध्ये राउटर आणि टीव्ही समोरासमोर असतील तर पाच-सहा मीटरने काहीच बिघडत नाही. पण मध्ये भिंत आली की ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४च्या मानाने जास्त शोषल्या जातात. भिंत कसली आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. जुन्या इमारतीतली साडेचार इंची विटांची आतली भिंत पाचवाला बऱ्यापैकी ओलांडतो. ठाणे, पुणे, नवी मुंबईतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मात्र मायवन पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीही सळई-काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. अशी एक भिंत सोसवते, दुसरीला पाचवाला मान टाकतो. कोकणातल्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींचंही तेच. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा. राउटर कपाटामागे असेल तर भिंतीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग सगळं २.४वर टाकलं तर? त्याचीही अडचण आहे, आणि शहरात ती मोठी आहे. २.४चा सगळा पट्टा मिळून जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल बसतात तीन: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट, वरखाली तेवढेच, म्हणजे डझनभर राउटर त्या तीन चॅनलवर आपली पाळी यायची वाट पाहत असतात. एकाचं बोलणं चालू असताना त्याच चॅनलवरच्या दुसऱ्याला थांबावं लागतं. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. भारतात २०१८ साली तिथला सहाशे मेगाहर्ट्झहून मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला झाला. शिवाय पाचवाल्याला भिंती ओलांडता येत नाहीत हे त्याचं वैगुण्य फ्लॅटमध्ये उपयोगी पडतं. शेजाऱ्याचा पाचवाला आपल्याकडे पोचतच नाही.

स्वयंपाकघरात आणखी एक भिडू असतो. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे २.४च्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. त्यातून थोडीशी गळती होतेच. ती माणसाला त्रास देण्याइतकी नसते, पण वाय-फायला पुरते. ओट्याजवळ बसून व्हिडिओ कॉल करणाऱ्याचं चित्र वरण गरम होईपर्यंत गोठतं आणि टिंग वाजल्यावर पुन्हा हलायला लागतं. असं ठरावीक वेळी होत असेल तर कारण शोधत बसायला नको.

आता एक नमुन्याचं घर घेऊ. टूबीएचके, राउटर मुख्य दाराशी, प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये टीव्ही, मधल्या बेडरूममध्ये ऑफिसचा लॅपटॉप, सगळ्यात आत आजी-आजोबांची खोली, बाथरूममध्ये गीझरसाठी स्मार्ट प्लग. प्रत्येक खोलीत, दार लावून, आधी एका नावावर आणि मग दुसऱ्या नावावर स्पीड टेस्ट घ्यायची. हॉलमध्ये पाचवर ९५ आणि २.४वर ४० असे आकडे येणं अगदी नेहमीचं. मधल्या खोलीत, एका भिंतीपलीकडे, पाचवर ६० आणि २.४वर ३०. आतल्या खोलीत चित्र पालटतं. पाचवर एकदा २०, लगेच ४, मग तुटलं. २.४वर १८, पण दर वेळी तेवढेच.

इथे मोठा आकडा न पाहता स्थिर आकडा पाहायचा. फोर-के चित्रपटाला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेत असं सांगतं, एचडीला ५. आजोबांच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार भागतात. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर, आतल्या खोलीतला फोन २.४वर. त्या फोनमधून पाचचं नाव 'फर्गेट' करून टाकावं, नाहीतर तो आठवण ठेवून पुन्हा तिकडेच जाऊन चिकटतो.

गीझरच्या प्लगला पर्यायच नाही. स्मार्ट प्लग, बल्ब, स्वस्तातले घरगुती कॅमेरे यांपैकी बहुतेकांत फक्त २.४ची चिप असते. त्यांना वेग लागत नाही. भिंतीपलीकडे पोचणं आणि कमी किमतीत बसणं एवढंच हवं असतं. गंमत जोडताना होते. फोन पाचवर असतो, ॲप त्याच नेटवर्कचं नाव प्लगला देतं आणि प्लगला ते नाव दिसतच नाही. मग 'जोडता आलं नाही' असं चारदा वाचून माणूस तो परत करायला निघतो. फोन आधी २.४वर आणला की काम होतं.

काही राउटर दोन्ही बँडना एकच नाव देऊन निवड स्वतः करतात. सोय चांगली आहे, पण शेवटी कुठे जोडायचं ते फोनच ठरवतो. काही फोन हॉलमधून आत गेल्यावरही क्षीण झालेल्या पाचला सोडत नाहीत. असं वारंवार होत असेल, किंवा प्लग जोडायचे असतील, तर राउटरच्या पानावर (बहुधा `192.168.1.1`, पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) ही सोय बंद करून दोन वेगळी नावं द्यावीत. तिथेच २.४ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० केली की शेजाऱ्यांशी भांडण वाढतं आणि हाती फारसं लागत नाही.

आतल्या खोलीत दोन्ही बँड लंगडत असतील तर बँड बदलून उपयोग नाही. राउटर दारातून उचलून पॅसेजमध्ये, उंचावर, उघड्यावर आणावा. तेही जमत नसेल तर आतपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावावा. बिनतारी रिपीटर स्वस्त पडतो, पण साधा रिपीटर तीच लहर ऐकून पुन्हा सोडतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि प्लॅन शंभरचा तीनशे करून घेण्याआधी त्या आतल्या खोलीत उभं राहून दोन्ही नावांवर टेस्ट घ्या. वाढीव पैसे वेग राउटरपर्यंतच आणतात.