प्रिंट अर्ध्यावर का अडकते?

मोबाइलवरून एका पानाचा अर्ज छापायला दिला की तो छापला जातो. पण फोटो असलेली पाच-सहा पानांची पीडीएफ दिली की दुसऱ्या पानाच्या मध्यावर प्रिंटर थांबतो आणि स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ असा शब्द उमटतो. अशा वेळी बहुतेकजण शाई तपासतात, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, नाहीतर मेकॅनिकला बोलावतात. पण छोटी फाइल छापली जात असेल आणि मोठी फाइल अडकत असेल, तर आधी संशय घ्यावा तो प्रिंटरपर्यंत पोचणाऱ्या वाय-फायवर.

छापायला दिलेली फाइल मोबाइलवरून थेट प्रिंटरकडे जात नाही. ती आधी राउटरकडे जाते आणि तिथून प्रिंटरकडे. शिवाय फोटो असलेले पान बहुधा ठिपक्यांचे चित्र होऊन जाते. इंचाला 300 ठिपके धरले तर ए-फोर आकाराच्या रंगीत पानात सुमारे 87 लाख ठिपके भरतात. दाबून लहान केल्यावरही तो मजकूर साध्या अक्षरांच्या पानापेक्षा कितीतरी मोठा असतो. घरगुती प्रिंटरची मेमरी थोडी असते, म्हणून तो पान थोडे थोडे घेत छापत जातो. सिग्नल कमजोर असला की वाटेत हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. त्यात फार वेळ गेला की संगणक वाट पाहणे सोडतो आणि पान अर्धेच राहते.

उदाहरणादाखल तीन खोल्यांचा फ्लॅट घेऊ. फायबरची तार दारातून येते म्हणून राउटर हॉलमध्ये आहे. प्रिंटर मागच्या खोलीत टेबलावर आहे, आणि दोघांच्या मध्ये दोन भिंती व एक लोखंडी कपाट. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि मोबाइलवरच्या वाय-फाय मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती दिसते. समजा हॉलमध्ये आकडा उणे 45 आहे आणि टेबलापाशी उणे 75. फरक 30 चा दिसतो, पण दर 10 ला ताकद दहापट घटते. म्हणजे टेबलापाशी पोचणारा सिग्नल हॉलच्या हजाराव्या भागाइतकाच असतो. प्रिंटरचा अँटेना बहुधा छोटा असतो, त्यामुळे त्याच जागी मोबाइल नीट चालला तरी प्रिंटर अडखळू शकतो.

खात्री करायला विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची ओळ टाइप करावी. आकड्यांच्या जागी आपल्या प्रिंटरचा आयपी पत्ता घालावा. तो प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मिळतो.

```
ping -n 50 192.168.1.40
```

प्रिंटर झोपेत असेल तर पहिली एक-दोन उत्तरे उशिरा येतात, ती सोडून द्यावीत. त्यानंतरही बरीच उत्तरे हरवली तर वाट खराब आहे. मग राउटरच्या पत्त्यावर हीच चाचणी करावी. तिथेही उत्तरे हरवली तर संगणकाचाच सिग्नल कमजोर आहे आणि प्रिंटर हलवून उपयोग नाही.

त्याहून पक्की परीक्षा म्हणजे प्रिंटर उचलून राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवायचा आणि अडकलेली तीच फाइल पुन्हा छापायची. त्याआधी रांगेत अडकलेले जुने काम रद्द करावे, नाहीतर तेच पुढचे काम रोखून धरते. फाइल पूर्ण छापली गेली तर कारण सापडले. तिथेही अडकली तर दोष दुसरीकडे आहे, आणि एक्स्टेंडर घेतला तरी तो जाणार नाही.

शक्य असेल तर प्रिंटर तिथेच राहू द्यावा. प्रिंट घ्यायला दोन खोल्या चालावे लागले तरी चालेल; प्रिंटर माणसाजवळ नव्हे, राउटरजवळ असायला हवा. मात्र तो कपाटात किंवा मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नये. प्रिंटरला लॅनची खाच असेल तर राउटरपर्यंत केबल टाकावी. मग सिग्नलचा प्रश्नच उरत नाही.

जागा बदलता येत नसेल तरच एक्स्टेंडर घ्यावा. तो प्रिंटरच्या खोलीत लावणे ही नेहमीची चूक. तिथे त्याला स्वतःलाच कमजोर सिग्नल मिळतो आणि तो तोच पुढे पाठवतो. आपल्या फ्लॅटमध्ये त्याची जागा मधल्या बोळात, जिथे आकडा उणे 60 च्या आसपास आहे तिथे. बरेच प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून एक्स्टेंडरवर तो बँड चालू ठेवावा. एक्स्टेंडरच्या नेटवर्कला वेगळे नाव असेल तर प्रिंटरच्या वाय-फाय सेटिंगमधून त्याला त्या नावाशी नव्याने जोडावे, नाहीतर तो जुन्या राउटरलाच चिकटून राहतो. काही एक्स्टेंडरमुळे वेग निम्म्यावर येतो, पण छपाईला तेवढा पुरतो.

म्हणून एक्स्टेंडरवर पैसे घालण्याआधी प्रिंटर एकदा राउटरजवळ नेऊन पाहा. या परीक्षेला खर्च काहीच नाही, आणि एक्स्टेंडर घ्यायचा की नाही हे तीच सांगते.