‘चक्कर’ म्हणजे नेमके काय?

घरातल्या ज्येष्ठांचा मोबाइलवर एकच शब्द येतो: ‘चक्कर’. त्याचे किमान तीन अर्थ होतात. म्हणून ‘कशी चक्कर?’ असे मोघम न विचारता पर्याय द्यावेत: ‘खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो?’ मग विचारावे, ‘कधी येते? किती वेळ टिकते?’ अंथरुणात कूस बदलताना खोली फिरली आणि मिनिटभरात थांबली, तर दोष बहुधा आतल्या कानात असतो. उभे राहताच अंधारी येत असेल, तर रक्तदाब झोपून आणि उभे राहून असा दोनदा मोजावा. मात्र अचानक तोल जाऊन बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर पक्षाघात असू शकतो. विचारपूस थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.