सलूनचा गल्ला आणि खुर्चीचा हिशेब

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावातील तीन खुर्च्यांच्या सलूनने लग्नसराईच्या एका महिन्यात 600 बिलांवर 90,000 रुपये मिळवले असे उदाहरणादाखल धरल्यास, एकूण जमेला बिलांच्या संख्येने भागून मिळणारे सरासरी बिल 150 रुपये येते. परंतु त्यांत नवरदेवांच्या तयारीची प्रत्येकी 2,000 रुपयांची 10 बिले असतील, तर ती वगळल्यावर उरलेल्या 590 बिलांची सरासरी सुमारे 119 रुपयांवर उतरते, आणि सराई सरल्यावर दुकान चालते ते याच आकड्यावर. म्हणून अशी बिले वहीत वेगळी मांडणेच योग्य.

खुर्चीचा वापर म्हणजे उपलब्ध तासांपैकी प्रत्यक्ष कामाचे तास. तीन खुर्च्या, रोज 10 तास आणि 26 दिवस मिळून 780 तास होतात. वरच्या 600 बिलांपैकी प्रत्येकाला सरासरी 35 मिनिटे लागली, तर 350 तास, म्हणजे सुमारे 45 टक्के वापर होतो. मात्र रविवारी रांग लागून गिऱ्हाईक परत जाते आणि मधल्या वारी खुर्च्या रिकाम्या राहतात, ही विषमता मासिक टक्केवारीत लपत असल्याने वारनिहाय नोंद ठेवावी लागते, अन्यथा चौथी खुर्ची घेण्याचा चुकीचा निर्णय होतो.

पुनर्नोंदणीचे प्रमाण, म्हणजे उठतानाच पुढची वेळ ठरवणाऱ्यांचा वाटा, आगाऊ वेळ घेण्याची पद्धत नसलेल्या दुकानात मोजता येत नाही. तेथे मोबाइल क्रमांकावरून 45 दिवसांत परतलेली गिऱ्हाइके मोजणे हा जवळचा पर्याय ठरतो, परंतु एकाच क्रमांकावर बाप-लेकांची नोंद झाली की हा आकडा फुगतो.