छातीतला पू आणि औषधाचे दिवस

गावात पिठाची गिरणी चालवणारे ५२ वर्षांचे एक गृहस्थ एका सोमवारी दुपारी माझ्याकडे आले. त्यांच्या आजारपणाचा तो अकरावा दिवस होता. सुरुवात थंडी वाजून ताप, खोकला आणि श्वास घेताना उजव्या कुशीत निघणारी कळ यांनी झाली होती. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, न्यूमोनियाचं निदान झालं आणि अँटिबायोटिक सुरू झालं. दोन दिवस ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. मग तो परत आला. औषध बदललं, सलाइन लागलं, तरी रोज संध्याकाळी ताप १०२पर्यंत चढायचा. मधुमेह जुना, साखर २९०.

पहिल्या एक्स-रेत उजव्या बाजूचा खालचा कोपरा, जो धारदार दिसायला हवा, तो किंचित बोथट होता. न्यूमोनियासोबत थोडं पाणी झालं आहे, औषधाने जिरेल, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. यात चूक काहीच नव्हतं. रुग्णालयात दाखल होण्याइतका न्यूमोनिया झालेल्या बऱ्याच जणांच्या छातीत असं पाणी होतं आणि बहुतेकांचं ते औषधानेच जातं. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. त्यांना वेळेत ओळखायचं कसं, हेच या आजारातलं खरं काम आहे.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्या फटीत काही चमचे वंगणासारखा द्रव असतो. न्यूमोनियाने फुप्फुस सुजलं की आतल्या पडद्यातून पाणी पाझरतं. पहिले काही दिवस हे पाणी पातळ, पिवळसर आणि जंतुविरहित असतं. ही पहिली पायरी. जंतू त्या पाण्यात उतरले की दुसरी पायरी सुरू होते. पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, जंतूंशी झुंजून मरतात, पाणी गढूळ होतं. त्यात फायब्रिनचे धागे तयार होतात आणि ते या पडद्यापासून त्या पडद्यापर्यंत जाळं विणतात. एक सलग तळं होतं, त्याची आता डबकी होतात. या पाण्याचा सरळ पू झाला की त्याला एम्पायमा म्हणतात. दोन-तीन आठवडे असेच गेले तर तिसरी पायरी येते. धाग्यांच्या जागी चिवट तंतूंची साल फुप्फुसावर चढते. आतलं फुप्फुस चांगलं असूनही त्याला फुगता येत नाही. पहिल्या पायरीवर औषध पुरतं, दुसरीवर नळी लागते, तिसरीवर बहुधा शस्त्रक्रिया. पायऱ्यांचे दिवस मात्र ठरलेले नसतात. मधुमेह असलेल्या माणसात पहिलीवरून दुसरीवर जायला कधी दोन-तीन दिवससुद्धा पुरतात.

गिरणीवाल्यांची आम्ही सोनोग्राफी केली. एक्स-रेत पाणी नुसतं पांढरं दिसतं, सोनोग्राफीत त्याचं अंतरंग कळतं. थर एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सुई न घालता लक्ष ठेवायला हरकत नसते. इथे थर सहा सेंटिमीटरचा होता आणि आत कोळिष्टकासारखे पडदे तरंगत होते. सुईने ६० मिलिलिटर पाणी काढलं. ते ताकासारखं गढूळ होतं.

घट्ट पू आला असता तर पुढच्या तपासण्यांची गरजच नव्हती, लगेच नळी. गढूळ पाण्याबाबत मात्र निर्णय त्याच्या आम्लतेवर ठरतो. जंतू आणि पेशी साखर खातात आणि आम्ल सोडतात, म्हणून संसर्ग जोरात असेल तर पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यातली साखर संपत जाते. पीएच ७.२ किंवा त्याहून खाली असेल तर नळी टाकावी, हा जगभर मान्य झालेला नियम. पीएच मोजायची सोय नसेल तर पाण्यातली साखर ६०च्या खाली आहे का ते पाहतात. यांचा पीएच ७.०८ आला, साखर २८. हा आकडा फसवू शकतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पीएच खोटा वर जातो आणि भुलीच्या औषधाचा अंश राहिला तर खोटा खाली येतो. म्हणून रक्तातले वायू मोजण्यासाठी वापरतात तशा सिरिंजमध्ये, हवा न जाऊ देता नमुना घ्यावा आणि लगेच मशीनवर लावावा.

आपल्याकडे इथेच एक मोठी फसगत होते. पाण्यातला एडीए ७८ आला होता. आपल्या देशात एडीए ४०च्या वर दिसला की क्षयरोगाच्या गोळ्या सुरू होतात आणि पातळ, लिम्फोसाइट पेशींनी भरलेल्या पाण्यात ते बहुतेकदा बरोबरही असतं. पण पुवातसुद्धा एडीए वाढतो. यांच्या पाण्यात ९० टक्के पेशी न्यूट्रोफिल होत्या, म्हणजे साध्या जंतूंशी लढणाऱ्या. जीन तपासणीतही क्षयाचे जंतू सापडले नाहीत. फक्त एडीए पाहून सहा महिन्यांचा क्षयाचा कोर्स सुरू झालेले आणि तोवर पू तसाच साचून राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यातले काही थेट तिसऱ्या पायरीवरच माझ्याकडे पोहोचले.

नळी टाकायची म्हटल्यावर त्यांच्या पत्नी घाबरल्या. पाणी काढलं की ते पुन्हा भरतं आणि माणूस खचतो, असं त्यांनी ऐकलं होतं. पाणी पुन्हा भरतं ते संसर्ग शिल्लक असतो म्हणून, काढल्यामुळे नव्हे, हे त्यांना समजावून सांगितलं. पुवाला रक्तपुरवठा नसतो. शिरेतून दिलेलं औषध तिथे पोहोचलं तरी आम्लात आणि जंतूंच्या गर्दीत त्याचा जोर कमी पडतो. न्यूमोनियात सर्रास जोडलं जाणारं अमिकॅसिन तर इथे जवळजवळ निकामी ठरतं.

पू काढावा हे हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. कसा काढावा, हे शिकायला मात्र पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं. १९१८च्या सुमारास अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या मागोमाग एम्पायमाची लाट आली. तेव्हाची रीत बरगडी कापून छाती लवकर उघडी करण्याची होती. पू वाहून जायचा, पण पडदे अजून एकमेकांना चिकटलेले नसायचे. बाहेरची हवा आत शिरायची, फुप्फुस मिटायचं आणि आधीच धापा टाकणारा सैनिक दगावायचा. सरासरी १०० पैकी सुमारे ३० जण मरत होते. लष्कराने नेमलेल्या एम्पायमा आयोगात एव्हार्ट्स ग्रॅहॅम हे तरुण शल्यचिकित्सक होते. हवा आत जाऊ न देता पू काढा आणि छाती उघडायची घाई करू नका, असं आयोगाने सांगितलं. ज्या छावण्यांत हे पाळलं गेलं तिथे मृत्यूंचं प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आलं. आज रुग्णाच्या खाटेखाली जी पाण्याची बाटली दिसते ती त्याच तत्त्वावर चालते. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून आतलं बाहेर येतं आणि बाहेरची हवा आत जात नाही. बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवायची, रुग्णाला हलवताना कोणी ती उचलून त्याच्या पोटावर ठेवू नये.

सोमवारी संध्याकाळी सोनोग्राफीखाली १४ फ्रेंचची, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी टाकली. जाड नळी जास्त चांगली हा जुना समज. बारीक नळीने दुखतं कमी आणि काम तेवढंच होतं, फक्त ती तुंबू नये म्हणून दिवसातून तीन-चार वेळा सलाइनने धुवावी लागते. रात्रीतून ६५० मिलिलिटर आलं. मंगळवारी जेमतेम ४० आणि ताप १०१. बाटलीत कमी येतंय म्हणजे बरं वाटतंय, असा समज अशा वेळी नातेवाइकांचा होतो, कधी कधी डॉक्टरांचाही. पण ताप उतरलेला नसताना नळी कोरडी पडली तर ती वाईट खूण समजावी. पुन्हा सोनोग्राफी केली. नळी एका डबक्यात होती, बाकीची भरलेलीच होती.

इथे २०११ साली प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश अभ्यास कामी येतो. फायब्रिनचे धागे विरघळवणारं अल्टेप्लेज आणि मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे घट्ट झालेला पू पातळ करणारं डॉर्नेज ही दोन औषधं त्यात नळीतून छातीत सोडली होती. एकेकटं दिल्यावर कुठल्याच औषधाचा उपयोग झाला नाही. दोन्ही मिळून दिल्यावर मात्र शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागणारे रुग्ण १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. जाळं तोडायचं आणि चिकटपणाही घालवायचा, दोन्ही एकदम केलं तरच पू वाहतो. अल्टेप्लेज १० मिलिग्रॅम, डॉर्नेज ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. औषध सोडून तासभर नळी बंद ठेवायची, मग उघडायची. डॉर्नेज महाग आहे, सगळीकडे मिळत नाही आणि रक्तस्रावाचा धोका असलेल्याला हा उपाय जपूनच द्यावा लागतो. याने भागलं नाही तर दुर्बिणीने जाळी काढण्याची शस्त्रक्रिया असते आणि ती लांबवू नये. साल चढल्यावर तेच काम कितीतरी मोठं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पहिला डोस दिला. शुक्रवारपर्यंत २,१०० मिलिलिटर निघालं. गुरुवारी सकाळी ताप पहिल्यांदा ९८.६ होता. पुढच्या सोमवारी नळी काढली.

डिस्चार्जच्या दिवशी पत्नींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आधीचे आठ दिवस औषध झालंय, ते धरायचे का?"

"नाही ताई, गुरुवारपासून मोजायचे."

पू आत असताना घेतलेलं औषध रक्तातला संसर्ग रोखून धरतं, छातीतला संपवत नाही. म्हणून दिवस मोजायचे ते पू नीट निघाला आणि ताप उतरला तेव्हापासून. तिथून किमान दोन आठवडे, बहुतेकांना तीन ते चार, कप्पे राहून गेले असतील तर सहापर्यंत. दोन आठवडे आणि तीन आठवडे यांची तुलना स्पेनमध्ये झाली होती, तेव्हा निकालात फरक दिसला नाही. पण रुग्ण फार थोडे होते, म्हणून मधुमेहींमध्ये मी अजून तीन आठवड्यांच्या खाली जात नाही. यांच्या पुवात जंतू वाढले नाहीत, कारण आठ दिवसांच्या औषधाने ते प्रयोगशाळेत वाढण्याजोगे उरले नव्हते. अशा वेळी हवेविना वाढणारे जंतूही धरून चालावं लागतं. रुग्णालयात असेपर्यंत शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं, घरी जाताना त्यांच्याऐवजी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटच्या गोळ्या. आत आलेला २६०चा सीआरपी जाताना ४८ आणि तीन आठवड्यांनी ६ होता. त्या दिवशी गोळ्या बंद केल्या.

एक्स-रेत उजवीकडे पडदा तेव्हाही जाड दिसत होता. तो पाहून दुसरीकडे कुणीतरी त्यांना आणखी महिनाभर अँटिबायोटिक लिहून दिलं. त्यांनी मला फोन केला आणि ते घेतलं नाही. तो जाडपणा म्हणजे भरून येणाऱ्या जखमेची खपली होती. ताप नव्हता, वजन वाढत होतं, सीआरपी उतरला होता. औषध कधी थांबवायचं ते यावर ठरतं. असा डाग विरायला महिने लागतात.

घरात कुणाला न्यूमोनिया झाला असेल आणि औषध सुरू करून तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, किंवा उतरून परत आला असेल, तर औषध बदलून घेण्याआधी त्याच दिवशी छातीची सोनोग्राफी करून घ्या.