मोबाईल दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? वर्षाचा हिशोब मांडून बघा

मैत्रिणींनो, मोबाईल बिघडला की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, "जुन्याला पैसे घालू नकोस, नवाच घे." दुसरं म्हणतं, "चालतोय ना? मग चालू दे." दोघंही अंदाजाने बोलतात. आपण गटात पै-पैचा हिशोब ठेवतो, मग इथेच अंदाज कशाला? हिशोब अगदी सोपा आहे : जेवढा खर्च येणार, त्याला तो मोबाईल पुढे जितकी वर्षं चालेल त्याने भागायचं. आलेला आकडा म्हणजे वर्षाचा खर्च. ज्याचा वर्षाचा खर्च कमी, ते करायचं.

आपल्यातल्याच एका गटाच्या सचिव ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांचा मोबाईल साडेतीन वर्षांचा. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारी बंद पडायचा आणि काचेच्या खालच्या कोपऱ्याला तडा गेलेला. दुकानदाराने सांगितलं, बॅटरीचे 900 आणि डिस्प्लेचे 2,200, एकूण 3,100 रुपये. ताईंना वाटलं, एवढ्यापेक्षा 11,000 चा नवाच घेते, गटातून 10,000 उचलते.

आधी नव्याचा खरा खर्च काढा

नव्या मोबाईलची किंमत म्हणजे फक्त पाटीवरचे 11,000 नव्हेत. गटातून 10,000 रुपये शेकडा दोनने, दहा हप्त्यांत फेडायचे ठरवले, तर शिल्लक मुद्दलावर व्याज होतं 1,100 रुपये. कव्हर आणि काच यांचे 300. जुना मोबाईल देऊन दुकानदार 400 रुपये कमी करणार होता. म्हणजे 11,000 अधिक 1,100 अधिक 300, त्यातून 400 वजा. झाले 12,000. असा मोबाईल चार वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला 3,000 रुपये.

आता दुरुस्तीचे 3,100 याच्याशी ताडून बघा. मोबाईल दुरुस्तीनंतर वर्षभरच चालला, तर वर्षाला 3,100 पडले. म्हणजे नव्याएवढेच. दोन वर्षं चालला तर 1,550, म्हणजे जवळपास निम्मे. तेव्हा सगळा प्रश्न एवढ्यावर येतो, की हा मोबाईल पुढे किती चालणार?

उरलेली वर्षं कशी ओळखायची

बैलगाडीचं एक चाक मोडकं असलं तर बाकीची गाडी कितीही चांगली असो, गाडी तिथेच थांबते. मोबाईलचंही तसंच. जो भाग सगळ्यात आधी दगा देणार, तेवढंच त्याचं आयुष्य धरायचं. त्यासाठी तीन गोष्टी बघा.

पहिली, सॉफ्टवेअर. सेटिंग्जमध्ये About phone उघडा. तिथे Android version आणि Security update ची तारीख दिसते. कंपनी काही वर्षांनी अपडेट देणं बंद करते. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर मोबाईल वरून ठणठणीत दिसला तरी बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप एक दिवस त्यावर चालायची थांबतात. हा भाग कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाही.

दुसरी, जागा. फोटो, व्हिडिओ काढून टाकल्यावरही मोबाईल रोज "जागा भरली" म्हणत असेल, तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही. त्रास तोच राहणार.

तिसरी, टच. एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि न सोडता स्क्रीनच्या चारी कोपऱ्यांत फिरवा. मध्येच ते बोटातून सुटलं आणि दर वेळी त्याच पट्ट्यात सुटलं, तर तिथला टच गेलाय. सुटलं नाही तर तडा फक्त वरच्या काचेला आहे.

सचिव ताईंनी हे करून पाहिलं. शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वीचं निघालं, पण बँकेचं ॲप अजून चालत होतं. जागा पुरेशी होती. टच पूर्ण चालू. त्यांनी पुढचं आयुष्य दीड वर्षच धरलं. इथे हात आखडताच ठेवावा. दोन वाटत असतील तर दीड धरा.

सगळी दुरुस्ती एकदम करू नका

दीड वर्ष धरून दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च वर्षाला 2,067 रुपये येतो. नव्यापेक्षा कमीच. पण टच चालू असताना डिस्प्ले बदलायची गरज काय? त्यांनी फक्त बॅटरी बदलली आणि तड्यावर 100 रुपयांची काच लावून घेतली. खर्च 1,000 रुपये, म्हणजे वर्षाला 667. कुठे 3,000 आणि कुठे 667!

दुकानदार तीन कामं सांगत असेल तर प्रत्येकाचा दर वेगळा विचारा, आणि कोणतं काम केल्याशिवाय मोबाईल चालणारच नाही ते विचारा.

कधी दुरुस्तीला नाही म्हणायचं

हाच मोबाईल हंड्यात पडला असता आणि दुकानदाराने बोर्डाचे 4,000 सांगितले असते तर? पाणी गेलेल्या बोर्डाला आतून गंज चढत राहतो. आज चालू झालेला मोबाईल दोन-चार महिन्यांत परत बंद पडू शकतो, म्हणून अशा कामाची हमी बहुतेक दुकानदार देत नाहीत. सहा महिने धरले तर वर्षाला 8,000 पडतात. तिथे नवाच घ्यावा.

एका बाबतीत मात्र हिशोबाला थांबू नका. मागचं झाकण उचललं गेलं किंवा स्क्रीन फुगून वर आली, तर बॅटरी फुगली आहे. असा मोबाईल चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. बंद करून दुकानात न्या.

लॅपटॉपलाही हेच गणित

ग्रामसंघाचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घेत असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप झटकन चालतो. दर विचारा आणि वर्षांनी भागा. पण त्याआधी त्यात विंडोज 10 आहे का पाहा. त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 बसत नाही. असा लॅपटॉप इतिवृत्त आणि हिशोब लिहायला चालेल, बँकेच्या कामाला वापरू नये. त्याची उरलेली वर्षं कमी धरा.

दुकानात मोबाईल देण्याआधी पासबुकचे आणि गटाच्या वहीचे फोटो दुसरीकडे घ्या, सिमकार्ड काढून ठेवा, आणि पैसे पाठवायचा पिन कोणालाही सांगू नका.

सचिव ताई आता महिन्याला 250 रुपये बाजूला टाकतात. नव्या मोबाईलचा वर्षाचा खर्च 3,000, त्याचाच बारावा भाग. दीड वर्षात 4,500 जमतील. तेव्हा नवा घ्यायची वेळ आलीच, तर गटातून 10,000 नव्हे, साडेसहा हजारच उचलावे लागतील, आणि व्याजही तेवढं कमी लागेल.