पोकलेनचं इंजिन केव्हा खोलायचं?

पोकलेन घेताना मालक किंमत, हप्ता आणि तासाचा भाव एवढं पक्कं करतो. आणखी एक मोठा खर्च मात्र त्या वेळी कागदावर येतच नाही. साधारण दहा-बारा हजार तासांच्या आसपास इंजिन आणि हायड्रॉलिक पंपाचं पूर्ण काम काढावं लागतं. कुणाचं आठ हजारांतच निघतं, तर कुणाचं पंधरा हजारांपर्यंत लांबतं. हा खर्च टळत नाही, पण कोणत्या महिन्यात करायचा हे बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं. मशीनने एकूण किती कमावलं, हे पुष्कळदा त्या निवडीवरच ठरतं.

जहाजाच्या मालकाला ही मोकळीक नसते. दर पाच वर्षांनी मोठी तपासणी होते, त्यासाठी जहाज गोदीत चढवावं लागतं आणि त्याशिवाय त्याचा दर्जाचा दाखला टिकत नाही. त्यामुळे तो भाड्याचे करारच त्या तारखा धरून करतो. पोकलेनवाल्याला अशी तारीख कुणी देत नाही, ती त्याची त्यालाच ठरवावी लागते.

एक उदाहरण मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. वीस टनी मशीन, डिझेल पार्टीचं. ऑपरेटर, हेल्पर, ऑईल, फिल्टर, ग्रीस वजा जाता तासाला 700 रुपये सुटतात. पावसाळा सोडून आठ महिने दरमहा 200 तास आणि पावसाचे चार महिने दरमहा 60 तास काम, म्हणजे वर्षाला 1,840 तास. या वेगाने दहा हजार तास भरायला साडेपाच वर्षांच्या आसपास लागतात. काम काढायचा खर्च सात लाख धरू.

पहिला घोळ इथेच होतो. कर्ज चार वर्षांचं असेल, तर हप्ता फिटल्यावर सुमारे दीड वर्ष मशीनचा सगळा पैसा हातात राहतो. धंदा फार चांगला चाललाय असं वाटतं आणि त्या भरात दुसरं मशीन हप्त्यावर येतं. मग जुन्याचं इंजिन खोलायची वेळ नेमकी नव्याच्या हप्त्यांत येते. सात लाख हातात नसतात म्हणून काम पुढे ढकललं जातं आणि मशीन भर हंगामात साइटवर उभं राहतं. वास्तविक त्या दीड वर्षातला बराच पैसा नफा नव्हताच. तो इंजिनाने आधीच झिजून दिलेला पैसा होता. पहिल्या तासापासून तासाला 70 रुपये बाजूला काढले असते, तर दहा हजार तासांना सात लाख तयार असते.

आता मुख्य प्रश्न. मीटर दहा हजारांवर आलंय, जून तोंडावर आहे. काम आत्ता काढायचं की पुढच्या जूनमध्ये?

ढकलण्यात फायदा असतो, हे आधी मान्य करायला हवं. सात लाख वर्षभर वाचले की 14 टक्क्यांनी 98 हजार व्याज वाचतं. पार्ट आणि मजुरी वर्षात सहा टक्क्यांनी वाढली तर त्यातले 42 हजार जातात. उरले 56 हजार. डिझेल आपलं असेल तर झिजलेलं इंजिन जास्त पितं आणि ही रक्कम आणखी घटते.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? इंजिन जानेवारीत बसलं आणि बेअरिंग फिरून क्रँक गेला, ब्लॉकही दुखावला, तर सात लाखांचं काम बारा लाखांवर जाऊ शकतं. म्हणजे पाच लाख जास्त. महिनाभर मशीन उभं, म्हणून 1 लाख 40 हजारांची कमाई बुडाली. ऑपरेटर-हेल्परचा पगार तर द्यावाच लागतो, ते 30 हजार. एकूण फटका 6 लाख 70 हजारांचा. साइटवर दुसरं मशीन द्यावं लागलं किंवा दंड बसला तर तो वेगळाच.

या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं की उत्तर मिळतं. 56 हजार म्हणजे 6 लाख 70 हजारांचा साधारण बारावा हिस्सा. पुढच्या हंगामात इंजिन बसण्याची शक्यता बारांत एक याहून कमी असेल, तर ढकलणं फायद्याचं. जास्त असेल तर याच जूनमध्ये इंजिन खोलावं. चांगलं चालणारं इंजिन केवळ मीटर बघून खोलणं हेही नुकसानच आहे.

ही शक्यता नेमकी मोजता येत नाही, पण इंजिन ती बरीचशी दाखवतं. अनुभवी मेकॅनिक इंजिन गरम करून आयडलवर ठेवतो, ऑईल भरायचं झाकण सैल करतो आणि उलटं करून तोंडावर ठेवतो. झाकण थरथरत जागेवर राहिलं तर ठीक. उडून पडलं, तर रिंगांमधून गॅस खाली उतरतोय असा संशय घ्यावा. मात्र तुंबलेल्या ब्रीदरमुळे किंवा खराब टर्बोमुळेही असा दाब येतो, म्हणून ते आधी पाहायचं आणि मग कम्प्रेशन मोजायचं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. नुसता काळा धूर असेल तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टर तपासावा, त्यासाठी इंजिन खोलायची घाई नको.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे ऑईलची लॅब तपासणी. गरम इंजिनातून, दर वेळी ठरावीक तासांनी नमुना घ्यायचा. अहवालात लोखंड वाढत गेलं तर लाईनर-रिंग झिजताहेत, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बघायचं. लोखंडाबरोबर सिलिकॉनही चढलं, तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय. ती वाट बंद केल्याशिवाय काढलेलं कामही लवकर वाया जाईल. एका अहवालावरून मात्र काही ठरवू नये. तीन-चार अहवाल शेजारी ठेवले की चढ दिसतो. शिसं चढतंय आणि ऑईलचा दाबही उतरतोय, असं दिसलं तर ढकलण्याचा हिशोब तिथेच संपला.

काम किती दिवस उरलंय, हेही पाहायला हवं. सात लाखांच्या कामाने आणखी सात हजार तास मिळाले तर तासाला 100 रुपये पडले. पण कालव्याचं काम 1,500 तासांत संपणार असेल आणि त्यानंतर मशीन विकायचं असेल, तर तोच खर्च तासाला 467 रुपये पडतो. विकताना इंजिनचं काम केलंय म्हणून भाव थोडा वाढतो, पण सात लाख काही वसूल होत नाहीत. अशा वेळी फक्त रिंगा-बेअरिंग बदलून वेळ काढणं किंवा आहे तसं विकणं परवडतं. पाच वर्षांचं काम हातात असेल तर हाच अर्धवट इलाज महागात जातो, कारण इंजिन दोनदा खोलावं लागतं.

जून-जुलैत काढायचं ठरलं तर तयारी मार्च-एप्रिलपासून हवी. सरकारी कामांची बरीच बिलं मार्चअखेर निघतात आणि तो पैसा मेपर्यंत इतर देण्यांत विरघळतो. बिल जमा होताच पार्टची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम देऊन टाकावी. जूनमध्ये सगळ्यांचीच मशीनं उभी असतात, मेकॅनिक आणि क्रँक ग्राइंडिंगवाला दोघांकडे रांग लागते. जुलैअखेर मशीन तयार झालं तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या तुरळक कामात ते चालवून गळती, तापमान, ऑईलचा दाब तपासता येतो. दसऱ्यानंतरचा हंगाम धरायचा तर एवढी मोकळीक लागतेच.

ज्यांच्या मशीनचं मीटर आज सहा-सात हजारांवर आहे, त्यांनी पुढच्या सर्व्हिसला ऑईलचा पहिला नमुना लॅबला पाठवावा आणि दुसऱ्या मशीनच्या हप्त्यावर सही करण्याआधी हे सात लाख कुठून येणार ते वहीत लिहून ठेवावं.